बार धरायची जागा आधी बघा: तोंडातला पांढरा-लाल चट्टा घरी कसा ओळखायचा

तंबाखू खाणाऱ्या माणसाला "बार कुठे धरता?" असं विचारलं की तो आधी जरा हसतो आणि मग गालावर एका ठरावीक ठिकाणी बोट ठेवतो. ती जागा सहसा बदलत नाही. कुणाचा बार खालच्या ओठाच्या आत असतो, कुणाचा खालच्या दाढा आणि गाल यांच्यामधल्या खाचेत. मशेरी लावणाऱ्या बाईची जागा म्हणजे पुढच्या हिरड्या आणि ओठाची आतली बाजू. विदर्भात खर्रा खाणारा तो बराच वेळ चघळतो आणि मग एका गालात सरकवून ठेवतो, म्हणून त्याचे दोन्ही गाल बघावे लागतात. मी ग्रामीण भागात दातांचा डॉक्टर म्हणून काम करतो. तपासणीच्या खुर्चीवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कारण चट्टा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

ज्यांनी कधी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या तोंडात नीट डोकावलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आरसा, मोबाइलचा टॉर्च, एक चमचा आणि स्वच्छ सुती कापडाचा तुकडा एवढं पुरतं.

त्या जागी काय घडतं

तंबाखू मळताना चुना लागतोच, कारण चुन्यामुळे निकोटीन मोकळं होऊन झटकन रक्तात उतरतं. चुन्याशिवाय 'लागत' नाही असं खाणारे म्हणतात ते खरंच आहे. पण तोच चुना तोंडाच्या नाजूक आतल्या कातडीला जाळतो. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात आणि तंबाखूतली कॅन्सर घडवणारी मुख्य रसायनं हीच. रोज काही तास, वर्षानुवर्षं, एकाच जागी हे सगळं टेकलेलं असतं. सुपारीला लोक निरुपद्रवी समजतात, पूजेतली आणि पाहुणचारातली म्हणून. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं आहे, तंबाखू नसलेल्या विड्यालाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्रा आणि मावा मात्र टपरीवर समोर घोटून मिळतो, म्हणून लोकांना तो 'घरचा' आणि कमी वाईट वाटतो. त्यातही सुपारी, तंबाखू आणि चुना हेच तर असतं.

सतत मार खाणारी कातडी आधी जाड होते. जाड थरातून खालचं रक्त दिसत नाही, म्हणून ती जागा पांढरी दिसते. डॉक्टर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. लाल चट्टा याच्या उलट असतो. तिथे वरचा थर पातळ झालेला असतो, पेशी नीट पिकतच नाहीत आणि खालच्या रक्तवाहिन्या डोळ्याला दिसू लागतात. हा एरिथ्रोप्लाकिया. पांढऱ्यापैकी बहुतेक चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. निव्वळ लाल चट्टे फार कमी आढळतात, पण त्यांचा तुकडा काढून तपासला तर बहुतेकांत पेशी बिघडलेल्या किंवा कॅन्सर सुरू झालेला निघतो. लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. पांढरं दिसलं की घाबरतात आणि लाल दिसलं की "उष्णता वाढली" म्हणून गुलकंद खातात.

आणखी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. हे चट्टे सुरुवातीला दुखत नाहीत. "दुखत नाही म्हणजे साधं असेल" या समजुतीत माणसांचे महिनेच्या महिने जातात.

पाहण्याची तयारी

सकाळी, पहिला बार लावायच्या आधी बघा. मशेरीवाल्यांच्या घरात हे अवघड जातं, कारण त्यांचा दिवसच मशेरीने सुरू होतो, पण त्या दिवशी आधी आरसा घ्यायचा. पान खाणाऱ्यांनी आदल्या रात्री मऊ ब्रशने तोंड नीट स्वच्छ करावं. कात आणि पानाचा लाल रंग गालाच्या आत बसलेला असतो. तो चट्ट्यासारखा दिसून उगाच धास्ती लावतो, नाहीतर खरा चट्टा झाकून टाकतो. कवळी असेल तर काढून ठेवा, तिच्याखालची जागा सगळ्यात दुर्लक्षित असते. साबणाने हात धुवा, दोन-तीन चुळा भरा आणि खिडकीसमोर बसा. स्वतःच्या तोंडाचा मागचा भाग आरशात नीट दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला टॉर्च धरून बघू द्या. नवरा-बायकोने एकमेकांचं बघावं हे सगळ्यात सोपं.

काय आणि कोणत्या क्रमाने

सुरुवात बार धरायच्या जागेपासूनच करा. खालचा ओठ बोटांनी बाहेर उलटा करून आतली गुलाबी बाजू आणि हिरडी बघा. मग चमच्याचा दांडा गालात घालून गाल दातांपासून बाहेर ओढा. फक्त गालाचा फुगीर भाग बघून थांबू नका. गाल जिथे खाली वळून हिरडीला मिळतो, त्या खाचेच्या तळापर्यंत प्रकाश गेला पाहिजे. आपल्याकडे कॅन्सर सर्वात जास्त याच पट्ट्यात होतो, आणि नवखा माणूस नेमकी हीच खाच सोडतो, कारण दांडा पुरेसा खाली जात नाही किंवा थुंकी साचलेली असते. थुंकी कापडाने टिपा आणि पुन्हा बघा. शेवटच्या दाढेच्या मागचा कोपरा चुकवू नका.

दुसऱ्या बाजूलाही हेच करा. एका गालात आग व्हायला लागली की लोक बार गुपचूप दुसऱ्या गालात न्यायला लागतात, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

त्यानंतर जीभ. जिभेचं टोक कापडात धरून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढा आणि दोन्ही कडा बघा. जीभ टाळूला लावून तिच्या खालचा मऊ भाग बघा. मान मागे करून "आऽऽ" म्हणत टाळू बघा. एवढ्याने पाहून होतं.

मग हात लावायचा. संशय वाटलेल्या जागेवरून तर्जनी हळू फिरवा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून गालाला आधार द्या. मऊ गालात खडा असल्यासारखं कठीण लागलं, कडा उचललेल्या वाटल्या किंवा बोट फिरताच रक्त आलं, तर रंग कोणताही असो, थांबायचं नाही. जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवून न दुखणारी कडक गाठ लागते का तेही बघा.

शेवटी तोंड पूर्ण उघडून स्वतःचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं जात असतील तर ठीक. दोनच गेली तर सुपारीमुळे गालाखाली दोऱ्यासारखे कडक पट्टे तयार झाले असण्याची शक्यता आहे, आणि गालात बोट फिरवलं की ते जाणवतात. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. यात गाल फिकट, जवळजवळ संगमरवरी दिसतो, तिखट अजिबात सोसत नाही, पाणीपुरी तोंडात जात नाही. हल्ली विशी-पंचविशीतली खर्रा खाणारी मुलं ही तक्रार घेऊन येतात. सुपारी सोडली की हा आजार पुढे सरकणं मंदावतं. आधीचे पट्टे मात्र बहुतेक वेळा आपोआप विरघळत नाहीत.

पांढरं सगळंच ल्युकोप्लाकिया नसतं

ओल्या कापडाने पांढरा भाग हलका पुसा. दह्याच्या सायीसारखा निघून आला आणि खाली लालसर जागा दिसली, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग आहे. मधुमेह असलेल्यांत आणि कवळी वापरणाऱ्यांत तो बराच दिसतो. त्यावर उपचार आहेत, पण तो का झाला हे डॉक्टरांना विचारा. दात मिटल्यावर जिथे मिळतात त्या उंचीवर गालाच्या आत एक आडवी पांढरी रेघ बऱ्याच लोकांत असते. दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ती नेहमीचीच. ओठाच्या आत किंवा गालात बारीक पिवळसर रव्यासारखे दाणे असतील तर त्या तेलग्रंथी आहेत, त्यांचं काही करायचं नसतं. दोन्ही गालांत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा आणि मधे लाली असेल तर तो लायकेन प्लेनस असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवायला हवा, पण घाबरून जायचं कारण नाही.

पुसून न जाणारा आणि दुसरं काही कारण न सापडणारा पांढरा डाग महत्त्वाचा. सपाट आणि एकसारखा दिसत असेल तर धोका कमी. खडबडीत, चामखिळीसारखा, भेगा पडलेला, किंवा पांढऱ्यात लाल ठिपके विखुरलेला असेल तर धोका जास्त. तंबाखू ठेवायच्या जागी कातडी पांढरट आणि सुरकुतलेली झाली असेल आणि बाकी काही नसेल, तर तंबाखू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ती बरीच निवळते. हीच पुढची पायरी.

दोन आठवड्यांचा नियम

पहिल्याच दिवशी फोटो काढा, टॉर्चच्या प्रकाशात, गाल बाजूला ओढून. शेजारी पेनाचं टोपण ठेवलं तर आकार कळतो. तारीख लिहून ठेवा. मग संशयाची सगळी कारणं एकदम काढून टाका. त्या जागेवर तंबाखू, मशेरी, सुपारी, चुना काही लागू द्यायचा नाही, बार दुसऱ्या गालात नेणं म्हणजे सोडणं नव्हे. टोकदार दात किंवा कवळीची घासणारी कडा असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून गुळगुळीत करून घ्या. साधा तोंड येण्याचा फोड किंवा दात लागून झालेली जखम साधारण एक-दोन आठवड्यांत भरते. दोन आठवड्यांनी तोच फोटो पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. चट्टा तसाच असेल, वाढला असेल किंवा जखम भरली नसेल, तर तपासणीला जायचं.

पण काही गोष्टींत दोन आठवडे थांबायचंच नाही. लाल किंवा लाल-पांढरा मिसळलेला चट्टा, कडक गाठ, विनाकारण हलायला लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी खोबण, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, आणि तोंडातल्या जखमेबरोबर त्याच बाजूचा कान दुखणं. यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. या काळात घरगुती लेप, हळद-तूप, औषधाच्या दुकानातून स्वतः आणलेली तोंडाची मलमं टाळा. त्यांतल्या काहींत सूज दबवणारी औषधं असतात. त्यांनी आग कमी होते आणि माणूस महिनाभर निवांत होतो, चट्टा मात्र तिथेच असतो.

कुठे जायचं आणि तिथे काय होतं

तीस वर्षांवरच्या कुणालाही उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात तोंडाची तपासणी मोफत करून मिळते. आशाताईंकडे त्याची प्रश्नावली असते. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने टॉर्चने बघणं किती उपयोगाचं असतं याचा सर्वात भक्कम पुरावा केरळातला आहे. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून गावोगावी अशी तपासणी केली गेली. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. या सवयी नसलेल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणून गावात सगळ्यांना सरसकट घाबरवण्यापेक्षा खाणाऱ्यांचं तोंड नियमित बघणं जास्त कामाचं, असं माझं मत आहे.

संशयास्पद चट्टा असेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातला दंत विभाग, नाहीतर दंत महाविद्यालय गाठा. मुंबई आणि नागपूरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे बायोप्सी सांगतील. लोक या शब्दाला सर्वात जास्त घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जागा सुईने बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात, आणि माणूस बसने घरी जातो. "हात लावला की कॅन्सर पसरतो" हे गावोगावी ऐकू येतं. अशा बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. घाबरून लांबवलेल्या महिन्यांत मात्र तो नक्की वाढतो.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पनेतला, पण हकीकत रोजची. चंद्रपूरकडचा बेचाळीस वर्षांचा ऑटोवाला, दिवसभर खर्रा, डावा गाल. जेवताना तिखट झोंबतं म्हणून बायकोने बघितलं. डाव्या खालच्या दाढांच्या बाहेर, खाचेत, पांढरा चट्टा, साधारण दीड सेंटिमीटर लांब. पुसून जात नाही. त्याच्या मागच्या टोकाला मसुरीच्या दाण्याएवढी लाल जागा. बोटाला कडक काही लागत नाही, मानेत गाठ नाही, तोंडात अडीच बोटं जातात. बाजूची एक दाढ तुटून टोकदार झालेली. "दाढच लागतेय" असं त्याचं म्हणणं, आणि ते पूर्ण खोटंही नाही. चट्टा फक्त पांढरा असता तर दाढ घासून, खर्रा बंद करून दोन आठवडे बघता आलं असतं. लाल भाग असल्यामुळे दाढ घासली आणि बायोप्सी त्याच आठवड्यात केली.

तुकडा लाल भागातून घेतला, ही यातली खरी मेख. पुढच्या पांढऱ्या टोकातून घेतला असता तर रिपोर्टमध्ये कदाचित 'हायपरकेराटोसिस' म्हणजे नुसती जाडी एवढंच आलं असतं, आणि घरात पेढे वाटले गेले असते. लाल भागाचा रिपोर्ट आला 'मध्यम डिस्प्लेझिया'. डिस्प्लेझिया म्हणजे पेशी बिघडल्या आहेत पण अजून खालच्या थरात घुसलेल्या नाहीत. तो सौम्य, मध्यम किंवा तीव्र असा लिहितात. कॅन्सर असता तर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लिहून आलं असतं. ऑटोवाल्याचा पूर्ण चट्टा भोवतीच्या थोड्या निरोगी कातडीसह काढला आणि तो सगळाच पुन्हा तपासायला पाठवला, कारण छोट्या तुकड्यात न दिसलेला कॅन्सर मोठ्या तुकड्यात सापडू शकतो. त्याच्यात सापडला नाही. आता दर तीन महिन्यांनी तपासणी. त्याला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली: चट्टा काढला म्हणजे धोका संपला असं नाही, बाकीच्या तोंडानेही तेवढीच वर्षं खर्रा सोसला आहे.

तुमचा रिपोर्ट आणि डोळ्याला दिसणारं चित्र जुळत नसेल, म्हणजे रिपोर्ट 'काही नाही' म्हणतो आणि चट्टा वाढतोय, तर दुसऱ्यांदा बायोप्सी मागायला संकोच करू नका. आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला तर गाव-तालुक्यात वेळ न घालवता कॅन्सर रुग्णालयात जा, परळचं टाटा, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी, किंवा जवळचं एखादं. लहान गाठीत बऱ्याचदा एका ऑपरेशनवर भागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच खेपेला सोबत ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

सोडताना

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड, झोप उडणं, पोट साफ न होणं, हे सगळं होतं आणि साधारण दोन-चार आठवड्यांत ओसरतं. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, तंबाखूच्या पुडीवरही हा नंबर छापलेला असतो. निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. ते बडीशेपेसारखं सतत चावायचं नसतं. दोन-चारदा चावून झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. ते जुन्या बाराच्या जागी ठेवू नका, गालातली बाजू बदलत राहा. ज्याचं तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडतं त्याला गम चावणं जमत नाही. त्याने डॉक्टरांना निकोटीनच्या चिकटपट्टीबद्दल विचारावं, ती दंडाला लावतात.

तंबाखू सोडून 'साधी सुपारी' धरणं हा आपल्याकडचा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात निरुपयोगी मार्ग. लवंग, वेलची, भाजलेले जवस, ओवा यांतलं काहीही चालेल. तंबाखूच्या पुडीसोबत चंचीतली सुपारीही त्याच दिवशी काढून टाका, चुन्याची डबीसुद्धा. पुढे महिन्यातून एकदा, कोणताही एक वार ठरवून, जुनी जागा आणि तिच्या समोरचा गाल दोन्ही बघत जा.